वार पडल्यानंतरचा तास

मी पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात लेबर रूमला सिस्टर आहे, ११ वर्षं झाली. बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून गर्भाची पिशवी कडक लागते का बघणं हे दिवसातून किती वेळा करते त्याला मोजमाप नाही. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात तोच हात मी स्वतःच्या पोटावर ठेवला आणि खाली कडक असं काही लागलंच नाही, नुसती सैल मळलेली कणीक. पुढच्या तासाभरात काय काय झालं ते लिहून ठेवतेय, कारण टेबलावर पडून सोसत पण होते आणि प्रत्येक गोष्ट का करतायत ते कळत पण होतं.

डिलिव्हरीला मी माझ्या हॉस्पिटलात न जाता घराजवळ, सिंहगड रोडच्या बाजूला एक छोटं नर्सिंग होम आहे तिथे गेले होते. पहिली पण तिथेच झाली होती, तिथल्या डॉक्टर मॅडम ओळखीच्या, आणि ऐन वेळी ट्रॅफिकमध्ये अडकायला नको म्हणून. पहाटे पाणी गेलं पण कळा काही धरेनात, म्हणून सकाळी आठला पिशवी आकसवून कळा आणणाऱ्या पिटोसिनचं ड्रिप लावलं. ते संध्याकाळपर्यंत चालू. शेवटी ६:४० ला मुलगी झाली, ३ किलो ९०० ग्रॅम. लगेच मांडीत पिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन, मग नाळ हलक्या हाताने ओढत आठ मिनिटांत वार पडली. मॅडमनी वार ट्रेमध्ये उलटी पसरून तिचे सगळे भाग जुळतात का बघितलं, पूर्ण होती, आत तुकडा राहिलेला नव्हता. दोन टाके पडले. सगळं छान. मॅडम खाली ओपीडी संपवायला गेल्या, माझ्याजवळ एक नवी सिस्टर, तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी.

सातच्या सुमाराला मला मांड्यांखाली कोमट कोमट जाणवायला लागलं. धो धो वगैरे काही नाही, बारीक धार, आपली चालू. पीपीएच, म्हणजे डिलिव्हरीनंतर जास्त रक्त जाणं, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर रक्ताची चिळकांडी येते, पण मी कामावर जास्त फसवणूक या बारीक धारेनेच होताना बघितली आहे, कारण ती कुणी मोजत नाही. पोरीने पॅड बदललं, खाली बघितलं आणि म्हणाली, "ताई, थोडं तर जाणारच ना, अडीचशे वगैरे झालं असेल." दाराशी सासूबाई होत्या, त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, घाण निघून गेलेली बरी, पोट साफ होतं." त्यांचं मन चांगलं, त्यांच्या आईने त्यांना हेच सांगितलं असणार. पण मला हे वाक्य ऐकलं की भीती वाटते. ते घाण नसतं. अंगातलं ताजं रक्त असतं, आणि ते कुठून येतं हे कळलं तर कुणी 'जाऊ दे' म्हणणार नाही.

तेव्हा मी पोटावर हात ठेवला. डिलिव्हरीनंतर पिशवीचं टोक साधारण बेंबीच्या लेव्हलला, मधोमध आणि क्रिकेटच्या बॉलसारखं टणक लागायला हवं. माझं बेंबीच्या वर गेलेलं, उजवीकडे सरकलेलं आणि मऊ, म्हणजे कुठे पिशवी संपते आणि कुठे पोट सुरू होतं तेच बोटांना कळेना. वर गेलीय म्हणजे आत गुठळ्या साठतायत, आणि उजवीकडे सरकलीय म्हणजे लघवीची पिशवी भरलीय, ती हिला ढकलतेय. सकाळपासून तीनेक बाटल्या सलाईन गेलेलं आणि दुपारनंतर मी लघवीलाच गेले नव्हते. बाकीच्यांना काय सांगणारी मी, स्वतःचं लक्षात राहिलं नाही.

मी पोरीला म्हटलं, "मॅडमना वर बोलव, धावत नको, फोन कर आणि तू इथेच थांब. आणि हात दे, चोळ इथे." तिने चोळायला सुरुवात केली, मी तिचा हात धरून दाखवलं, बेंबीच्या वर तळवा ठेवून गोल गोल, दाबून. चोळल्याबरोबर खालून दोन मोठ्या गुठळ्या पडल्या, पेरूएवढ्या, आणि पिशवी जरा आवळल्यासारखी लागली. हात काढला की मिनिटभरात पुन्हा कणीक.

आता हे असं का होतं ते सांगते, कारण हे एकदा नीट कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. गरोदरपणात वारेला रक्त पुरवायला पिशवीच्या भिंतीतल्या शंभरेक बारीक रक्तवाहिन्या पसरट आणि मोठ्या होतात. एरवी आपल्या रक्तवाहिन्यांना स्वतःचा स्नायू असतो, बोट कापलं की त्या आपल्या आपण आकसतात. या वाहिन्यांचा तो स्नायू गरोदरपणात जवळजवळ निघून गेलेला असतो, बाळाला रक्त अडकून अडकून मिळू नये म्हणून. म्हणजे वार सुटली की तिथे शंभर उघडी तोंडं राहतात आणि त्यांना स्वतःला मिटताच येत नाही. आणि नवव्या महिन्यात पिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त जात असतं. मग बाईचं रक्त थांबतं कशाने? तर पिशवीच्या स्नायूंनी. ते धागे एकमेकांत आठच्या आकड्यासारखे विणलेले असतात आणि वाहिन्या त्यांच्या मधल्या फटींतून गेलेल्या असतात. बटव्याची नाडी ओढली की तोंड बंद होतं ना, तसंच. पिशवी आकसली की प्रत्येक वाहिनी आवळली जाते. गुठळी धरून भोक बुजणं हे नंतर, आधी नाडी ओढली जायला हवी.

माझी नाडी ओढलीच जात नव्हती, आणि त्याला कारणं होती. बाळ मोठं, म्हणून पिशवी जास्त ताणलेली. भरलेलं मूत्राशय आडवं आलेलं. आत गुठळ्या, आणि पिशवीत काही भरलेलं असलं की ती पूर्ण मिटत नाही, मिटत नाही म्हणून अजून रक्त, अजून गुठळ्या. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दहा तास चाललेलं ड्रिप. इतका वेळ पिटोसिन चालू असलं की पिशवीची त्याला प्रतिसाद द्यायची ताकद कमी होते, औषध येतं पण ते पकडायला जागाच शिल्लक राहत नाहीत. म्हणून १० युनिटचं इंजेक्शन वेळेवर मिळूनही पुरलं नाही. कुणाचं चुकलं असं नाही यात.

मॅडम दोन मिनिटांत वर आल्या. पल्स ११८, बीपी ११०/७०. पोरगी म्हणाली बीपी नॉर्मल आहे. इथेच फसायला होतं, आणि फक्त नव्या मुली नाही, जुनी माणसं पण फसतात. गरोदरपणात बाईच्या अंगात रक्त जवळपास चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे एक लिटर गेलं तरी बीपी टिकून राहू शकतं, आणि मग पडतं ते एकदम. आधी धावते ती पल्स. माझी पल्स बीपीच्या वरच्या आकड्याच्या पुढे गेली होती, एवढं एक बघितलं तरी पुरे, ही बाई धोक्यात आहे. मॅडमनी त्या दोन आकड्यांकडे बघितलं आणि एकच वाक्य म्हणाल्या, "पीपीएच आहे, सगळ्यांना वर बोलवा."

मी म्हटलं, "मॅडम, खालची चादर आणि मॉप्स वजनावर टाका." बाळाच्या वजनकाट्यावर टाकले, कोऱ्या कापडाचं वजन वजा केलं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. ७८० आलं. अडीचशे वाटलेलं होतं आम्हाला. डोळ्याने अंदाज बहुतेक वेळा कमीच येतो, कापडात मुरलेलं दिसत नाही, लघवी-पाण्यात मिसळलेलं कळत नाही. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानियातल्या मोठ्या अभ्यासात बाईच्या खाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं आणि जास्त दिसताच पुढचे सगळे उपचार एकदम केले, तर गंभीर प्रकार ६० टक्क्यांनी कमी झाले. आमच्याकडे आता ती पिशवी वापरतो. त्या दिवशी तिथे नव्हती, काटा होता, काट्याने पण काम झालं.

त्यानंतरची दहा मिनिटं सगळं एकाच वेळी चाललं होतं. दुसऱ्या हाताला जाड सुई, ती लावतानाच रक्त काढून घेतलं, ग्रुप बघायला आणि क्रॉसमॅचला, म्हणजे बॅगेतल्या रक्ताशी जुळतं का बघायला. लघवीची नळी घातली, ६५० मिली निघाली, आणि पिशवी चक्क दोन बोटं खाली आली. आरएल सलाईनच्या बाटलीत २० युनिट पिटोसिन. मेथर्जिन हे पिशवी आकसवणारं दुसरं औषध, ते द्यायच्या आधी मॅडमनी फाइल उघडून माझं बीपी नऊ महिन्यांत कधी वाढलं होतं का ते बघितलं, कारण ते वाढलेल्या बीपीत देत नाहीत. नव्हतं वाढलं, म्हणून दिलं. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड १ ग्रॅम, दहा मिनिटांत हळूहळू शिरेतून. ते पिशवी आकसवत नाही, धरलेली गुठळी विरघळू देत नाही. २०१७ चा वीस हजार बायकांवरचा अभ्यास आहे त्याचा, डिलिव्हरीपासून तीन तासांच्या आत दिलं तर रक्त जाऊन होणारे मृत्यू कमी होतात, आणि जेवढा उशीर तेवढा उपयोग कमी. म्हणून ते 'बाकी काही लागू पडत नाही तर देऊन बघू' असं ठेवायचं औषध नाही, पहिल्यातच द्यायचं.

मग पोरीने ट्रेमधून कार्बोप्रोस्ट उचललं आणि मी ओरडलेच, "मला दमा आहे!" माझा पंप पर्समध्ये असतो. कार्बोप्रोस्ट पिशवीवर जबरदस्त काम करतं, पण श्वासनळ्या पण आवळतं, दम्याच्या बाईला देत नाहीत. फाइलवर पहिल्या पानावर होतं ते, पण त्या गडबडीत पहिलं पान कोण बघतंय. मॅडमनी तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं. त्याऐवजी पिशवी आकसवणाऱ्या मिसोच्या चार गोळ्या जिभेखाली, ८०० मायक्रोग्रॅम. त्याने अशी हुडहुडी भरली की दातावर दात, वर ताप. मिसोने होतंच ते, मी पेशंटना नेहमी सांगते, "काही नाही, गोळीची थंडी आहे." आता सांगताना आधी दोन ब्लँकेट घालते.

मधल्या वेळात मॅडमनी लाइट लावून खालून फाटलंय का कुठे ते पण परत नीट बघितलं. हे बघावंच लागतं, कारण पिशवी कडक असून रक्त चालू असेल तर ते बहुतेक फाटल्याचं असतं आणि तिथे कितीही पिटोसिन दिलं तरी काही होणार नाही. माझं टाके घातलेलं सोडून कुठे फाटलेलं नव्हतं. रक्त ट्यूबमध्ये घेऊन भिंतीशी उभं ठेवलं होतं, त्याची सहा मिनिटांत गुठळी धरली, म्हणजे रक्त गोठण्यात अजून गडबड नाही. राहिलं ते एकच, पिशवी.

तरी धार थांबेना. मग मॅडमनी एक हात आतून मुठीसारखा आणि दुसरा पोटावरून, असं दोन हातांच्या मध्ये पिशवी दाबून धरली. मी हे दुसऱ्या बायकांना करताना शेजारी उभी राहिलेली आहे, त्यांच्या हाताला धरून "सोसा ताई, दोन मिनिटं" म्हटलेलं आहे. दोन मिनिटं नसतात ती. आणि दुखतं, खूप दुखतं, कळांपेक्षा वेगळं. पण त्या दाबाखाली रक्त थांबलं, मला स्वतःला खालून कळलं थांबलेलं. पल्स १३२, बीपी ९०/५६ तोपर्यंत. कानात घूं असा आवाज आणि ट्यूबलाइटच्या कडा काळ्या दिसायला लागल्या होत्या.

रक्ताची बॅग तिथे नव्हती. छोट्या नर्सिंग होममध्ये नसतेच, ब्लड बँकेतून आणावी लागते. नवरा सॅम्पल आणि फॉर्म घेऊन टू-व्हीलरवर निघाला, संध्याकाळी साडेसातचा सिंहगड रोड, ज्यांना माहितीय त्यांना माहितीय. क्रॉसमॅच धरून परत यायला त्याला दीड तास लागला. आणि म्हणूनच तो मधला वेळ कसा काढायचा याला एवढं महत्त्व.

मॅडमनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून ठेवला, ओटी तयार करायला सांगितली आणि मला तोंडावर स्पष्ट सांगितलं, "हे बघ, आता बलून टाकतेय. पंधरा मिनिटांत नाही थांबलं तर पोट उघडून पिशवीला बाहेरून आवळून टाके घालीन, रक्तवाहिन्या बांधीन. त्यानेही नाही थांबलं तर पिशवी काढावी लागेल. सही कर." मी सही केली. हात थरथरत होता, पण कागद मीच वाचला आणि मीच सही केली. आणि मनात एकच, पहिली पोरगी घरी जेवली असेल का.

बलून म्हणजे काय, तर कंडोम. खरंच साधा कंडोम, रबरी कॅथेटरच्या टोकावर बसवून जाड दोऱ्याने घट्ट बांधलेला. तो पिशवीत आत सरकवायचा आणि कॅथेटरच्या दुसऱ्या टोकाला सलाईनचा सेट जोडून पाणी भरत जायचं. बांगलादेशात ढाक्याच्या डॉक्टर सायबा अख्तर यांनी हे काढलं, महागडा तयार बलून परवडत नाही म्हणून. विकतचे बलून पण असतात, तिथे नव्हता. ही गंमत बघा, पिशवी बाहेरून आवळत नाही ना, मग आतून दाब द्यायचा, उघडी तोंडं पाण्याच्या फुग्याने दाबून धरायची. पोरगी बाटली उंच धरून मोठ्याने आकडे म्हणत होती, शंभर, दोनशे, अडीचशे. ३०० ला धार बारीक झाली, ३५० ला थांबली. मॅडमनी क्लॅम्प लावला, फुगा घसरून बाहेर येऊ नये म्हणून खाली गॉजची पट्टी भरली. मग काळा मार्कर घेतला आणि पिशवीचं टोक जिथे लागत होतं तिथे माझ्या पोटावर आडवी रेघ मारली. बाहेरून रक्त दिसत नाही म्हणजे थांबलंच असं नसतं, फुग्याच्या वर साठत असेल तर टोक रेघेच्या वर सरकतं. त्या रात्री दर पंधरा मिनिटांनी ती पोरगी येऊन रेघेवर बोट ठेवायची. एकदा पण चुकली नाही ती.

रेघ जागेवर राहिली. ओटी लागली नाही. एकूण रक्त गेलं १४०० मिली, रात्री दोन बॅगा चढल्या, पल्स पहाटेपर्यंत १०० च्या आत आली, नळीतून लघवी तासाला ४० मिलीच्या वर येत होती तेव्हा मॅडम पहिल्यांदा खुर्चीत बसल्या. फुगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढला, उजेडात आणि मॅडम समोर असताना, एकदम नाही, थोडं थोडं पाणी काढत आणि प्रत्येक वेळी थांबून बघत. रात्री बेरात्री तो काढत नाहीत, परत सुरू झालं तर माणसं हवीत ना हाताशी.

दोन बॅगा चढून पण हिमोग्लोबिन ७.६ होतं, आधी ११.२ होतं. आणि हे ११.२ होतं म्हणून मी वाचले असं मला मनापासून वाटतं, आमच्याकडे ७-८ वर डिलिव्हरीला येणाऱ्या बायका असतात, तेवढंच रक्त त्यांचं गेलं तर त्यांच्याकडे घालवायला काही शिल्लकच नसतं. आयर्नच्या गोळ्या काळी शी होते म्हणून टाकून देणाऱ्यांवर मी आता जरा जास्तच चिडते. मला नंतर दहाव्या दिवशी शिरेतून आयर्न दिलं. दूध चौथ्या दिवसापर्यंत आलं नाही, तेव्हा मी घाबरले होते, कारण खूप रक्त गेलं की मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला धक्का बसून दूध कायमचंच येत नाही असं क्वचित होतं. पाचव्या दिवशी सकाळी आलं. नुसता उशीर होता.

घरी सोडताना फाइलवर लाल पेनाने लिहून घेतलं, पीपीएच झालेलं, पिशवी न आकसल्यामुळे, दमा, कार्बोप्रोस्ट नको. पहिल्या पानावर नाही, कव्हरवर.

घरी आल्यावर आई आंघोळ घालत होती, तेल लावून डाळीच्या पिठाने पोट चोळताना तिला ती काळी रेघ दिसली. "हे काय गं, जात पण नाहीये," म्हणून ती अजून जोरात घासायला लागली. मी तिचा हात धरून रेघेवर ठेवला, म्हटलं त्या रात्री पिशवी इथपर्यंत होती. मग तिची बोटं खाली सरकवली, एक, दोन, तीन, चार बोटं, आणि तिथे कडक गोळा लागला. आई म्हणाली, "हा होय." आणि तिथेच हात ठेवून बसली थोडा वेळ, बादलीतलं पाणी गार होईपर्यंत.